दिल्लीच्या खिडकीवरील छुपी जकात

धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातील एखाद्या वसतिगृहासाठी परदेशातील आश्रयदाता एक हजार डॉलर पाठवतो. संस्थेच्या खात्यात जे रुपये जमा होतात, ते त्याच्या हिशेबाशी कधीच जुळत नाहीत. मधली रक्कम कोठे गेली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. न विचारलेल्या या प्रश्नावरच बँकांचा एक निवांत धंदा उभा आहे.

परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ साली, आणीबाणीत झाला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने असे ठरवले की, अशी प्रत्येक देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच आली पाहिजे. १ जुलै २०२१ पासून ही सक्ती पूर्णपणे लागू झाली आणि ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. हे खाते स्थानिक स्टेट बँक शाखेमार्फत उघडता येते. तेथून पैसा आपल्या गावच्या बँकेतील खात्यात वळवताही येतो. परंतु डॉलरचे रुपये होतात ते दिल्लीतच. खरी मेख येथेच आहे.

ही मेख समजण्यासाठी एक उदाहरण घ्यावे. समजा, त्या दिवशी बाजारात डॉलरचा भाव ८५ रुपये आहे. वाटेतील मध्यस्थ बँकेने २० डॉलर कापले, उरले ९८०. बँकेने खरेदीचा दर ८३ रुपये ३० पैसे लावला. झाले ८१,६३४ रुपये. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य मानून त्यावर १८ टक्के कर बसतो. म्हणजे येथे सुमारे १४७ रुपये. हाती आले ८१,४८७. बाजारभावाने ८५,००० यायला हवे होते. गेलेल्या ३,५१३ रुपयांपैकी १,७०० मध्यस्थाचे, १,६६६ दरातील फरकाचे आणि उरलेले कराचे. मध्यस्थाची कपात निदान कोठेतरी नोंदलेली असते. दरातील फरकाला मात्र शुल्क असे नावही नसते. तो दराच्या पोटात दडलेला असतो.

परकीय पैशावर देखरेख हवी, असे सरकार म्हणते. हवीच, राजकीय पक्षांना असा पैसा घेण्यास कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. पण देखरेख म्हणजे मक्तेदारी नव्हे. पूर्वी संस्था चार बँकांचे दर विचारून खाते निवडू शकत होती. आता खिडकी एकच, म्हणून घासाघीस संपली. प्रत्येक व्यवहाराची माहिती सरकारला कोणत्याही बँकेकडून मागवता येते. त्यासाठी शिरपूरच्या संस्थेचा दर दिल्लीच्या एका शाखेने ठरवण्याचे कारण काय?

लहान, नियमित मदतीचे तर याहून हाल. दरमहा २५ डॉलर तारेने आले आणि प्रत्येक वेळी २० कापले गेले, तर वर्षाच्या ३०० पैकी २४० वाटेतच जिरतात. शिवाय जीएसटी दर व्यवहारास किमान ४५ रुपये. तीच रक्कम वर्षातून एकदा आली, तर कपातही एकदाच होते. वेस्टर्न युनियनसारख्या सेवांचा मार्ग सोपा वाटतो. परंतु ती योजना व्यक्तिगत पाठवणीसाठी आहे, धर्मादाय संस्थांच्या देणग्यांना तेथे मनाई आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा मात्र परकीय देणगी मानला जात नाही. त्याला दिल्लीची वाट धरावी लागत नाही. हाच माणूस परदेशी नागरिक झाला, की ही सवलत संपते.

मग संस्थांच्या कार्यकर्त्यांनी काय करावे? आश्रयदात्याने पाठवणीच्या अर्जावर खर्चाचा पर्याय OUR निवडावा, म्हणजे वाटेतील खर्च तो उचलेल. SHA निवडल्यास तो संस्थेच्या माथी येऊ शकतो. पाठवणीच्या संदेशाची प्रत त्याच्याकडून मागवावी. पाठवलेले आणि पोहोचलेले डॉलर यांतील फरक ही मध्यस्थाची कपात. करापूर्वीच्या रुपयांना पोहोचलेल्या डॉलरनी भागले, की बँकेने लावलेला दर निघतो. तो त्या दिवशीच्या एफबीआयएलच्या संदर्भ दराशी ताडून पाहावा. फरक मोठा असेल, तर बँकेकडे लेखी विचारणा करावी.

मात्र एकेका संस्थेच्या पत्राने मक्तेदारी हलत नाही. खानदेशातील संस्थांनी आपापले हिशेब एकत्र करून दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : प्रत्येक जमापत्रावर संदर्भ दर आणि बँकेने ठेवलेला नफा छापला जावा, आणि देखरेख कायम ठेवून बँक निवडण्याचा हक्क संस्थेला परत मिळावा. ज्या देशात किराणा दुकानदाराला पुड्यावरील किमतीपेक्षा पैसा जास्त घेता येत नाही, तेथे बँकेला आपला नफा लपवण्याची मुभा कशासाठी?