खजिनदारी नको, दोन रविवार घ्या

ईद होऊन आठवडा झाला होता. अकोल्याहून एका खिदमती संस्थेच्या सदरसाहेबांचा फोन आला. ही संस्था विधवांना महिन्याचा किराणा आणि मुलांना शाळेची फी देते. "भाईजान, तुम्ही हेडक्लार्क होता, आता निवृत्त आहात. तीन वर्षं आमची खजिनदारी सांभाळा. संमतीपत्र पाठवतो, सही करून द्या."

काम नेक, माणसेही ओळखीची. तोंडावर आलेले "बघू, इन्शाअल्लाह" आम्ही गिळले, कारण हा शब्द आम्हाला एकदा महागात पडला आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेत आम्ही असेच हो म्हटले होते. तिथे चेकवर दोन सह्या लागत आणि त्यातली एक आमची असे. सुनेच्या बाळंतपणात आम्ही बारा दिवस अमरावतीबाहेर होतो. चेकबुक कपाटात आणि दोन मुलींची परीक्षा फी अडून. विलंबशुल्क त्यांच्या आईने उसने घेऊन भरले. पैसे संस्थेच्या खात्यात पडून होते, फक्त आमची सही नव्हती. त्या माउलीने आम्हाला एक शब्दही सुनावला नाही, म्हणून ते जास्त लागले.

खजिनदारी म्हणजे आठवड्याचे दोन तास नव्हेत. खजिनदार विश्वस्त असेल तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. त्याला ठराव आणि आपले संमतीपत्र जोडतात. पुढे सोडायचे झाले तर नुसते "मी येत नाही" म्हणून भागत नाही. राजीनामा, नवा ठराव, पुन्हा चेंज रिपोर्ट आणि बँकेत सही बदलणे, हे सगळे आलेच. तोवर कागदावर जबाबदार आपणच. म्हणून नाही म्हणायचे असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधीच म्हणावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोन केला. "सदरसाहेब, खजिनदारी मला जमणार नाही. बदनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायचे, तेही अडीअडचणीला लगेच, हे माझ्याने होणार नाही. मात्र वर्षाचा हिशेब ऑडिटरकडे जायचा आहे. एप्रिलचे पहिले दोन रविवार मी येतो. पावत्या आणि व्हाउचर लावून देतो. पैशाला हात लावणार नाही, सही करणार नाही."

ते म्हणाले, "मग नावापुरते तरी राहा." आम्ही म्हणालो, "नावापुरतेच राहिलो होतो एकदा, त्यात लेकरांची फी अडली." ते गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, या रविवारी."

आम्ही "वेळ नाही" हे कारण दिले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. वेळ नाही म्हटले की समोरचा म्हणतो, "तुमच्या सवडीने करा," आणि आपण अडकतो. कोणते काम, किती दिवस आणि काय करणार नाही, एवढे सांगितले की कोणी दुखावत नाही.

पहिल्या रविवारी पावतीपुस्तकांची स्थळप्रत आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवले. रमजानमधल्या एका पुस्तकात सोळा पावत्यांवर नुसते "देणगी" लिहिले होते. जकात की सदका, याची नोंद नव्हती. जकातीचा पैसा हकदाराच्याच हाती जायला हवा. कार्यालयाचे भाडे किंवा रंगरंगोटी त्यातून करू नये, असे बहुतेक उलमा सांगतात. म्हणून तिथल्या एका तरुणाने सोळाही दात्यांना फोन लावले. अकरा जणांनी जकात सांगितली. ती रक्कम त्याने वेगळ्या रकान्यात उतरवली. दुसऱ्या रविवारी त्यानेच व्हाउचर लावले, आम्ही शेजारी बसून राहिलो.

निघताना सदरसाहेब म्हणाले, "तिसरा रविवारही या की." आम्ही वही त्या तरुणाच्या हातात दिली आणि म्हणालो, "आता याला विचारा." तिसऱ्या रविवारी गेलो असतो तर न सही करताच खजिनदार झालो असतो.

एका मित्राने टोकले, "अमल थोडा असला तरी कायम असावा, हे विसरलात?" विसरलो नाही. पण हजरत अबू जर (रजि.) यांनी जबाबदारीचे पद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना ती अमानत असल्याचे सांगून सावध केले होते, हेही आठवते. आम्हाला पेलतील तेवढे दोन रविवार आम्ही दिले. जूनमध्ये अकोल्याहून निरोप आला, हिशेब ऑडिटरकडे गेला आणि खजिनदारी त्याच गल्लीतल्या एका दुकानदाराने घेतली. त्याची सही दहा मिनिटांत मिळते.