पुराची नव्हे, गाळाची रजा

2020 च्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार-रविवार. वर मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा बघता बघता काठाबाहेर आली. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, नदी जिथून गेली तिथे पाणी शिरलं. मी तेव्हा गोंदिया शहरातल्या एका खासगी पेढीत हिशेब लिहीत होतो. सोमवारी, 31 तारखेला, सकाळीच साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला: ‘पूरग्रस्तांच्या मदतीसाठी आठ दिवसांची रजा मिळावी व पेढीनेही सहकार्य करावे.’ साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘काऊन जी, तुला पोहता येते काय?’

येत नव्हतं. रजा नाकारली गेली. पुढे बरेच महिने मी त्यांना निर्दय म्हणत होतो. आज माझं मत असं आहे की त्यांचा नकार चुकीचा होता, पण माझा अर्ज त्याहून चुकीचा होता. मालकवर्ग अशा अर्जांवर जे आक्षेप घेतो त्यांना उत्तर देण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

पहिला आक्षेप तोच, पोहण्याचा. बचावाचं काम एनडीआरएफ, एसडीआरएफचं. हौशी माणसं तिथे गर्दी करतात आणि कधीकधी त्यांनाच वाचवावं लागतं. हे शंभर टक्के खरं आहे. पाणी चढत असताना नावेत एक अनाडी माणूस बसला की एका पूरग्रस्ताची जागा जाते. पण या आक्षेपात एक गृहीतक लपलेलं आहे: आपत्ती म्हणजे पाणी. डांगोर्ली-कासाकडच्या नदीकाठच्या कुणालाही विचारा, पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं. त्याबरोबर नावा परततात, अधिकाऱ्यांच्या गाड्या परततात, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकारही परततात. मागे उरतो तो घोटाभर गाळ, बुडालेली विहीर, ओलं धान आणि फुगलेल्या मातीच्या भिंती. ‘पाणी गेलं जी, आता चिखल कोन नेते?’ असं एका आजीबाईंनी मला पुढच्या रविवारी विचारलं. आठवड्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो होतो आणि दिवसभरात कसंबसं एक घर मोकळं करून परतलो होतो.

तेव्हा रजा मागायची ती पुराची नव्हे, गाळाची. पाणी उतरल्यानंतरच्या चौथ्या दिवसापासून पुढचे दहा-बारा दिवस. या कामाला पोहता यावं लागत नाही, आणि साहेबांच्या प्रश्नातली हवाच निघून जाते.

दुसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो: तुमच्या हक्काच्या रजा आहेत, त्या वापरा. ऐकायला रास्त वाटतं. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने वर्षाला 8 नैमित्तिक रजा दिल्या आहेत; पण ऑगस्ट संपेपर्यंत पोराच्या तापात आणि नात्यातल्या लग्नांत त्या किती उरतात हे नोकरदाराला सांगायला नको. राईस मिलचा कामगार असेल तर त्याच्या रजेची वहिवाट 1948 च्या कारखाना अधिनियमाने पाडलेली आहे. त्यातल्या कलम 79 प्रमाणे भरपगारी रजेचा अर्ज 15 दिवस आधी द्यायचा असे. आजारपणाला मात्र ही मुदत माफ होती, कारण ताप तारीख सांगून येत नाही. नदी सांगून येते असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल का? 2025 च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, रजेसाठीची 240 दिवसांच्या हजेरीची अट 180 वर आली. आपत्तीतल्या सेवेसाठी वेगळी रजा मात्र त्यांतही नाही.

आता याच देशाचा दुसरा कायदा पाहा. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम 65 खाली जिल्हा प्राधिकरण मालकाचा ट्रक, त्याचं गोदाम, त्याची साधनसामग्री बचावासाठी ताब्यात घेऊ शकतं आणि कलम 66 प्रमाणे त्याची भरपाई देतं. ट्रकला कायदा आहे, ट्रक चालवणाऱ्याच्या रजेला नाही. प्रादेशिक सेनेत जाणाऱ्याची मूळ नोकरी राखून ठेवण्याची तरतूद आपल्याकडे आधीपासून आहे, म्हणजे कल्पना परकी नाही. जर्मनीत टीएचडब्ल्यू या सरकारी आपत्ती-दलाचे स्वयंसेवक कामावर बोलावले गेले की मालकाला त्यांना पगारासह मोकळं करावं लागतं, आणि खासगी मालकाने मागितल्यास तो पगार सरकार त्याला परत देतं. ऑस्ट्रेलियात 2009 च्या कायद्याने अशी रजा हक्काची केली, पण बिनपगारी, आणि मान्यताप्राप्त दलाच्या सदस्यालाच. मला यांतला जर्मन मार्ग पटतो. परोपकाराचं बिल एकट्या मालकाच्या माथी मारणं हा न्याय नव्हे, आणि ते कामगाराच्या माथी मारणं तर नाहीच नाही.

‘ऐन हंगामात माणूस सोडायचा कसा?’ हा तिसरा आक्षेप. गोंदियात हा हंगाम धानाचा. पण नवा धान बाजारात येतो तो दिवाळीच्या आसपास, आणि वैनगंगा-बाघ चढतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात. उन्हाळी धानाची भरडाई सुरू असलेल्या गिरण्या सोडल्या, तर इथल्या पुष्कळ आस्थापनांची खरी तारांबळ पुरानंतर दोन महिन्यांनी सुरू होते. तरीही हिशेब मांडून दाखवावा. बारा माणसांची पेढी धरा. एका वेळी दोघेच जातील, प्रत्येक जोडी तीन दिवस, अशा तीन जोड्या. नऊ दिवसांत अठरा मनुष्यदिवस झाले, आणि कोणत्याही दिवशी दहा माणसं टेबलावर हजर. ‘एकाला दिली की सगळे मागतील’ ही भीतीही इथेच मिटते. सगळ्यांनी मागावं म्हणून तर पाळी लावली.

पण तीन दिवसांत दोन कारकून करणार काय? इथे भावना आणू नये, काम सांगावं. मी विहिरीचं उदाहरण देतो, कारण बुडालेली विहीर सगळ्यात आधी माणसं आजारी पाडते.

विहीर गोल, व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर खोल. व्यासाचा वर्ग 9, त्याला 0.785 ने गुणलं, मग खोलीने. उत्तर साधारण 28 घनमीटर, म्हणजे 28,000 लिटर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, लागते. या विहिरीला सत्तर ग्रॅम. पण पुराचं पाणी स्वच्छ नसतं. त्यातला गाळ आणि घाण क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी पंपाने विहीर उपसायची, तळाचा गाळ काढायचा, झरे भरू द्यायचे, आणि मगच मात्रा द्यायची. पावडर सरळ विहिरीत फेकणारे मी पाहिले आहेत. तिचा चुना तळाशी बसतो आणि उपयोग शून्य. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग बादली भरून ढवळायची, पाच-दहा मिनिटं निवळू द्यायची, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून खालीवर हिसळायची. एक तास कुणीही पाणी भरायचं नाही. त्यानंतर ओटी टेस्ट: नमुन्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी तसंच राहिलं तर मात्रा कमी पडली, पुन्हा द्यायची. पावडर महिनोन्‌महिने उघडी पडलेली असेल तर तिची ताकद आधीच उडालेली असते; ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या जुन्या पोत्यावर विसंबू नये. ही जबाबदारी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाची असते, पण त्याच्या गावात वीस विहिरी एकाच दिवशी बुडलेल्या असतात. त्याच्या हाताखाली दोन माणसं, एक डिझेल पंप आणि नोंदवही दिली तर दिवसाला चार-पाच विहिरी होऊ शकतात. रजेचा अर्थ हा.

पंप कुठून येणार? इथून चौथा आक्षेप सुरू होतो: ‘आम्ही मुख्यमंत्री सहाय्यता निधीला चेक देतो ना.’ चेक जरूर द्यावा, पण चेक पंप ओढत नाही. मोठ्या कंपन्यांना 2019 पासून आपत्तीतलं साह्य व पुनर्वसन सीएसआरच्या यादीत धरता येतं. मात्र सीएसआरची सक्ती 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असलेल्यांवर आहे. गोंदियातल्या बहुतेक गिरण्या आणि पेढ्या त्या रेषेच्या खालच्या. त्यांच्याकडे मागायचं ते पैशाहून नेमकं असावं. राईस मिलकडे फरशीचं अंगण असतं, ताडपत्र्या असतात, धानाचा ओलावा मोजायचं यंत्र असतं. ओलं धान दोन-तीन दिवसांत कोंब धरतं, आणि 14 टक्क्यांच्या आसपास ओलावा येईपर्यंत ते साठवता येत नाही. पुरातून वाचवलेलं बियाणं वाळवायला गिरणीने आठ दिवस अंगण दिलं, तर ते पुढच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या कामी येतं. पुराच्या पाण्यात बुडालेलं खाण्याचं धान मात्र वाळवून पुन्हा चुलीवर चढवू नये; ते वेगळं ठेवून पंचनाम्यात लिहून घ्यावं. गिरणीतल्या मुनीमाला वजन आणि ओलावा लिहायची सवय असतेच, म्हणून या कामी मुनीम उत्तम.

आता तो आक्षेप, जो साहेब बोलत नाहीत पण मनात ठेवतात, आणि जो सगळ्यांत वजनदार आहे: याला काही झालं तर? मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि सुकताना पडते. खालचा भाग फुगला, कोपऱ्यात उभी भेग गेली, पायाशी माती सुटू लागली की त्या घरात पाय टाकू नये. गाळात काचा असतात, साप असतात, उंदराच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिस असतो. रजेवर गेलेला माणूस जखमी झाला तर ती कामावरची दुखापत ठरत नाही. मालकाने ‘ऑन ड्युटी’ पाठवलं तर जबाबदारी मालकाच्या अंगावर येते. म्हणूनच मालक एकवेळ रजा देतील पण ‘ड्युटी’ म्हणायला तयार होणार नाहीत, आणि यात मला लबाडी दिसत नाही. उपाय आहे: जाणाऱ्यांचा तेवढ्या मुदतीचा अपघाती विमा पेढीने काढावा, गमबूट-हातमोजे द्यावेत, आणि गावी कुणाच्या हाताखाली काम करायचं हे तहसीलदाराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पत्रावरून ठरवावं. स्वतःच्या मर्जीने कुठल्याही गावात उतरणाऱ्याला रजा नाकारावी, हे मी आनंदाने लिहून देतो.

हे सगळं धरून 31 ऑगस्टचा तो अर्ज मला आज लिहायचा असता तर असा लिहिला असता:

‘पाणी उतरल्यावर तहसील कार्यालयाचे पत्र मिळेल, ते जोडीन. पत्रात नमूद गावी जलसुरक्षकाच्या देखरेखीखाली विहिरी उपसणे व टीसीएल टाकणे, या कामासाठी 3 दिवसांची भरपगारी विशेष रजा मिळावी. ती देणे शक्य नसल्यास निम्मे दिवस माझ्या नैमित्तिक रजेतून धरावेत. या तीन दिवसांची रोजकीर्द माझे सहकारी लिहितील, त्यांनी होकार दिला आहे. पेढीकडून डिझेल पंप, दोन जोड्या गमबूट व तेवढ्या मुदतीचा अपघाती विमा मिळावा. परतल्यावर किती विहिरी झाल्या, ओटी टेस्ट काय आली, याची नोंद व ग्रामपंचायतीचा दाखला सादर करीन. मला पोहता येत नाही.’