ओटीपी दिला म्हणजे फुटका मिक्सर पसंत पडला का? विक्रेत्याला उत्तर काय द्यायचं, समजून घ्या

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमध्ये राहणाऱ्यांपैकी अनेकांचा दिवस मुंबईच्या लोकलमध्ये सुरू होतो आणि लोकलमध्येच संपतो. पार्सलवाला मात्र येतो दुपारी. मग फोन वाजतो, "मॅडम, ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवतो." आपण ऑफिसातून ओटीपी सांगतो आणि रात्री घरी येऊन खोका उघडतो, तर आत काचा.

खरी डोकेदुखी तक्रार केल्यावर सुरू होते. विक्रेत्याकडून ठरलेलं उत्तर येतं: "ओटीपी देऊन डिलिव्हरी स्वीकारली आहे, अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही, त्यामुळे रिटर्न होणार नाही." बरेच जण इथेच सोडून देतात किंवा रागाने चार ओळी टाईप करतात. दोन्हीचा फायदा विक्रेत्यालाच होतो. म्हणून या नकारात किती दम आहे ते बघू.

आपल्याकडे मालविक्री कायदा आहे, 1930 सालचा. त्याचं कलम 41 सांगतं की, न बघता घेतलेला माल ग्राहकाच्या हातात पडला, तरी तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो 'स्वीकारला' असं धरता येत नाही. म्हणजे माल ताब्यात येणं वेगळं आणि पसंत करणं वेगळं. ओटीपी सिद्ध करतो ते पहिलं. बंद खोक्यातल्या काचेबद्दल तो काहीच सांगत नाही.

पण पुढचं कलम 42 आपल्यावर उलटू शकतं. माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळेत नाकारत असल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं मानलं जातं. 'वाजवी वेळ' म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे रविवारी निवांत बघू म्हणून खोका कपाटावर ठेवणं महागात पडू शकतं. त्याच रात्री उघडा आणि त्याच रात्री कळवा. फुटलेली वस्तू वापरून तर अजिबात बघू नका.

आता अनबॉक्सिंग व्हिडिओ. तो असेल तर पुरावा भक्कम होतो, यात वाद नाही. पण व्हिडिओ नाही म्हणजे ग्राहकाचा हक्क गेला, असं ग्राहक संरक्षण कायदा कुठेही म्हणत नाही. उलट ई-कॉमर्ससाठीचे 2020 चे नियम सांगतात की, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. व्हिडिओऐवजी फोटो नीट काढा. खोक्यावरचं लेबल आणि त्यावरचा ट्रॅकिंग नंबर, दबलेला कोपरा, आतलं पॅकिंग, वस्तूचा सिरीयल नंबर आणि तुटलेला भाग, एवढं आलं पाहिजे. खोका रद्दीवाल्याला देऊ नका, कारण वस्तू वाटेत आपटली की कंपनीतूनच तशी आली, हे बऱ्याचदा खोक्यावरूनच कळतं.

"कुरिअरने फोडलं, आम्ही काय करणार?" हेही उत्तर येतं. कुरिअर तुम्ही लावलेला नसतो, तो विक्रेत्याने किंवा प्लॅटफॉर्मने लावलेला असतो. त्यांचा आपसातला हिशोब त्यांनी करावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, बदलापूर पूर्वेला राहणाऱ्या एका ताईंनी 3,499 रुपयांचा मिक्सर मागवला. 14 जूनला दुपारी तो वॉचमनकडे आला, रात्री खोका उघडला तर काचेचं भांडं फुटलेलं आणि मोटरच्या बॉडीला तडा. त्यांनी लगेच ॲपवर फोटो टाकून तक्रार केली आणि 16 जूनला वरचा नकार आला. त्यावर त्यांचं उत्तर असं असावं:

"तुमचा 16 जूनचा नकार मला मान्य नाही. ऑर्डर क्रमांक अमुक, मिक्सर, किंमत 3,499 रुपये. पार्सल 14 जूनला दुपारी बंद खोक्यात वॉचमनकडे दिलं गेलं. रात्री उघडल्यावर भांडं फुटलेलं आणि बॉडीला तडा गेलेला दिसला. फोटो त्याच रात्री पाठवले, तक्रार क्रमांक तमुक. ओटीपी फक्त पार्सल मिळाल्याचा होता, वस्तू तपासून पसंत केल्याचा नाही. ही वस्तू मी नाकारत आहे. ती न वापरता खोक्यासह ठेवली आहे, तुमच्या खर्चाने घेऊन जा. 7 दिवसांत नवीन मिक्सर द्या. जमत नसेल तर पूर्ण 3,499 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. वॉलेट क्रेडिट किंवा कूपन नको."

यात शिवीगाळ नाही, "कोर्टात खेचीन" नाही. "नाकारत आहे" हे शब्द मात्र हवेतच. "तुमच्या खर्चाने" यालाही आधार आहे. त्याच 1930 च्या कायद्याचं कलम 43 सांगतं की, वेगळं काही ठरलं नसेल तर नाकारलेला माल परत पोहोचवायची जबाबदारी ग्राहकावर नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. 7 दिवसांची मुदत मात्र आपण दिलेली आहे, कायद्यातली नाही.

हे उत्तर चॅटमध्ये टाका, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तेच प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाईटवर देणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ताईंनी 17 जूनला ईमेल केला, तर 19 जूनपर्यंत पोच आणि 17 जुलैपर्यंत निर्णय यायला हवा. त्याच ईमेलमध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ताही मागा. लेखी मागितल्यावर तो देणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे आणि पुढे तो लागणारच आहे.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका. रिफंडसाठी यूपीआय पिन लागत नाही. समोरचा पिन किंवा स्क्रीन शेअर मागत असेल तर फोन ठेवा.

महिना उलटूनही काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. हेल्पलाईन म्हणजे कोर्ट नाही. ती कंपनीकडे तक्रार पाठवून तडजोड घडवायचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. आदेश देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता गुरुग्रामचा असो की सुरतचा, 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. या तिन्ही शहरांचा जिल्हा ठाणे, म्हणून तक्रार ठाण्याला. e-jagriti.gov.in वरून ती ऑनलाईन भरता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील असलाच पाहिजे असंही नाही. तरी 3,499 रुपयांसाठी किती तारखा सोसायच्या, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा. कायद्यातलं तीन ते पाच महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट अनेकदा कागदावरच राहतं.

आणि हे सगळं वस्तू सदोष असेल तेव्हाचं. रंग आवडला नाही, विचार बदलला, तर विक्रेत्याची रिटर्न पॉलिसी काय म्हणते तेच चालतं.

इन्स्टाग्राम लाईव्हवरून घेतलेल्या जीन्स किंवा साडीचं प्रकरण अजून अवघड. धंदा म्हणून नियमित विकणाऱ्याला ग्राहक कायदा लागू होतोच, पण पैसे यूपीआयने गेलेले, बिल नाही, पत्ता नाही, मग नोटीस पाठवायची कुठे? अशा ठिकाणी पैसे देण्याआधीच नाव, पत्ता आणि बिल मागून घ्या. पैसे घेऊन अकाउंटच गायब झालं, तर तो रिफंडचा वाद उरत नाही, ती फसवणूक आहे. तेव्हा 1915 नाही, सायबर हेल्पलाईनचा 1930 लगेच लावायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच मिळण्याची शक्यता असते.