विश्लेषण : मामाच्या अर्जाला 19 वर्षे, भाचीचे वय मात्र थांबत नाही!

अमेरिकेतील भावाने बहिणीसाठी अर्ज करायचा आणि बहिणीने कुटुंबासह तिकडे जायचे, ही वाट खानदेश-गुजरात सीमेवरील गावांना नवी नाही. विसरवाडीतून जाणारा सुरत-धुळे महामार्ग पुढे नवापूर, व्यारा, बारडोली असा जातो आणि दक्षिण गुजरातच्या त्या पट्ट्यातील अनेक कुटुंबे अमेरिकेत मोटेल व्यवसायात स्थिरावली आहेत. सोयरीक राज्याची हद्द पाहून होत नाही. त्यामुळे बारडोलीकडची लेक विसरवाडीत सून म्हणून येते आणि तिचा भाऊ न्यू जर्सीत असतो, असे घडते. अर्ज होतो, पावती येते आणि मग वाट पाहणे सुरू होते. ही वाट किती लांब असते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण या काळात मुले एकवीस वर्षांची होऊन अर्जातून बाहेर पडतात, तो हिशेब नेमका कसा चालतो, हे अनेकदा मुंबईतील मुलाखतीची वेळ आल्यावरच कळते.

रांग एवढी लांब का?

अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाच्या भावंडांसाठीचा वर्ग ‘एफ-4’ म्हणून ओळखला जातो. या वर्गाला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला 65 हजार व्हिसा आहेत. 1990च्या कायद्याने ठरवलेला हा आकडा अद्याप तसाच आहे. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण वाट्याच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त व्हिसा मिळू नयेत, अशी मर्यादा आहे. त्या प्रमाणात एफ-4 मधील भारताचा वाटा साधारण साडेचार हजारांचा होतो. त्यातही मोजणी माणसांची होते, अर्जांची नाही. बहीण, तिचा नवरा आणि दोन मुले यांचा अर्ज एकच असतो, पण कोट्यातून चार व्हिसा जातात.

आपल्याकडे या रांगेचा सगळा दोष देशनिहाय मर्यादेवर ढकलण्याची सवय आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. भावंडांच्या वर्गात मात्र भारताची रांग आणि बहुतांश जगाची रांग यांत 2025 मध्ये फरक होता तो साधारण दीड वर्षाचा. भारताची तारीख 2006 सालात रेंगाळत होती, तर इतर बहुतेक देशांची 2007-08 मध्ये. म्हणजे सात टक्क्यांची अट उद्या काढून टाकली, तरी विसरवाडीच्या घराला मोठा दिलासा मिळणार नाही. खरी कोंडी 65 हजारांच्या आकड्यात आहे.

रांगेतील जागा ‘प्रायॉरिटी डेट’ने ठरते. भावाने भरलेला ‘आय-130’ अर्ज अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे ज्या दिवशी रीतसर दाखल होतो, ती ही तारीख. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला travel.state.gov या संकेतस्थळावर ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. त्यातील अंतिम तारखांच्या तक्त्यात दिलेली तारीख आपल्या प्रायॉरिटी डेटच्या पुढे गेली, की व्हिसा उपलब्ध झाला असे समजायचे. ही तारीख कॅलेंडरच्या चालीने सरकत नाही. कधी महिनोन्महिने तिथेच थांबते, कधी मागेही जाते. अर्ज मंजूर झाल्याचे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. भावंडांचे नाते मान्य झाले, एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘तारीख पुढे सरकवून देतो’ म्हणणारा एजंट कोणतीही तारीख सरकवू शकत नाही.

वयाचा हिशेब कसा होतो?

मुख्य अर्जदार बहीण असते. तिची मुले अविवाहित आणि एकवीस वर्षांखालील असतील, तरच आईच्या सोबतीने जाऊ शकतात. पूर्वी एकविसावा वाढदिवस उलटला की विषय संपत असे. ऑगस्ट 2002 मध्ये आलेल्या ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट’ने त्यात एक सवलत दिली. व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचे मुलाचे वय घ्यायचे आणि आय-130 अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत जितके दिवस गेले, तितके त्यातून वजा करायचे. उरलेले वय एकवीसपेक्षा कमी असेल, तर मूल पात्र ठरते.

हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. विसरवाडीतील एका बहिणीसाठी भावाचा अर्ज 3 एप्रिल 2006 रोजी दाखल झाला आणि 3 एप्रिल 2010 रोजी मंजूर झाला. वजावट मिळाली चार वर्षांची. समजा, 1 मे 2025 रोजी या कुटुंबाची तारीख लागली. धाकट्या मुलाचा जन्म सप्टेंबर 2005 मधला. तो त्या दिवशी एकोणीस वर्षांचा आहे, त्याला वजावटीची गरजच नाही. थोरल्या मुलीचा जन्म 18 फेब्रुवारी 2000चा. मामाने अर्ज केला तेव्हा ती सहा वर्षांची होती. 1 मे 2025 रोजी तिचे वय 25 वर्षे, दोन महिने आणि 13 दिवस. त्यातून चार वर्षे गेली, की उरतात 21 वर्षे, दोन महिने आणि 13 दिवस. मुलगी बाहेर.

फरक 72 दिवसांचा. बुलेटिनची तारीख तीन महिने आधी सरकली असती, तर ती बसली असती. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे, खात्याने मूळ अर्ज मंजूर करायला आणखी तीन महिने लावले असते, तरीही बसली असती! 2010 मध्ये मंजुरीचे पत्र आले म्हणून ज्या घरात पेढे वाटले गेले, त्या घरात त्या दिवसापासून मुलीचे वय पुन्हा धावू लागले होते. शेजारच्या गावातील एखाद्याचा अर्ज सात वर्षे धूळ खात पडला असेल, तर त्याच्या मुलांना सात वर्षांची वजावट मिळते.

कायद्यातील खरी विसंगती इथे आहे. कार्यालयाच्या टेबलावर झालेला उशीर सरकार स्वतःचा मानते आणि मुलाच्या वयातून वजा करते. मंजुरीनंतर रांगेत गेलेली पंधरा वर्षे मात्र मुलाच्या माथी मारते. दोन्ही उशिरांत मुलाचा हात सारखाच, म्हणजे शून्य. गंमत अशी, की अमेरिकी नागरिकाच्या स्वतःच्या मुलासाठी हाच कायदा अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी वय गोठवतो. तीच पद्धत भाच्यांना लावता येणार नाही, असे काही नाही.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. आकडा 65 हजारच ठेवून मुलांचे वय गोठवले, तर प्रत्येक कुटुंबामागे जास्त व्हिसा लागतील आणि मागच्यांची रांग आणखी लांबेल. ते खरेच आहे. पण आजची रांग काही अंशी आखूड दिसते ती त्यातली मुले गळून पडतात म्हणून, हेही तितकेच खरे. मुले गाळून रांग आवाक्यात ठेवायची असेल, तर त्याला कुटुंब एकत्र आणण्याचे धोरण म्हणणे कठीण आहे.

जन्मतारखेचा पेच

दिवसांच्या या हिशेबात आपल्याकडची एक जुनी सवय महागात पडू शकते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावून टाकली, अशी माणसे महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात सापडतात. वरच्या उदाहरणातील मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 1 जून 2000 असेल, तर तिचे हिशेबी वय 20 वर्षे 11 महिने भरते आणि ती पात्र दिसते. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत मात्र 18 फेब्रुवारी आहे. अशा वेळी दाखल्यावरची तारीख पुढे करून काम काढण्याचा मोह होतो, सल्ला देणारेही भेटतात. दूतावास आधी जन्म प्रमाणपत्र मागतो. माहिती असूनही खोटी तारीख दिल्याचे सिद्ध झाले, तर त्या मुलीला अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

उलटही घडते. खरा जन्म नंतरचा, पण नोंदच नाही आणि हाताशी फक्त जूनची तारीख असलेला दाखला. जन्मानंतर वर्ष उलटून गेले, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि उशिरा झालेल्या नोंदीला दूतावास सोबत इतर पुरावे मागू शकतो. म्हणून जन्म नोंदवही, दाखला, आधार आणि पासपोर्ट यांतील तारखा जुळतात का, हे तारीख लागायच्या आधीच, निवांत असताना पाहून घेतलेले बरे.

आणखी एक अट सहज नजरेआड होते. व्हिसा उपलब्ध झाल्यापासून वर्षभरात मुलासाठी प्रत्यक्ष पाऊल उचलावे लागते, म्हणजे त्याचा ‘डीएस-260’ अर्ज किंवा शुल्क भरावे लागते. नाहीतर वजावटीचा लाभ जातो. त्याविषयीचा पत्रव्यवहार बहुधा 2006 मध्ये दिलेल्या पत्त्यावर होतो. मामाने त्यानंतर दोन घरे आणि तीन ई-मेल बदललेले असतात.

बाहेर पडलेल्या मुलीचे काय?

या मुलीला आईची 2006ची जागा तरी मिळावी, असा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रोझलिना क्युएलर दे ओसोरिओ यांच्यासाठी त्यांच्या आईने 1998 मध्ये विवाहित मुलीच्या वर्गात अर्ज केला, तेव्हा त्यांचा मुलगा 13 वर्षांचा होता. 2005 मध्ये तारीख लागली, त्याच्या काही महिने आधी तो एकवीसचा झाला. जून 2014 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारचा अर्थ मान्य केला. आजी, मामा किंवा मावशी यांच्या अर्जावर सोबत जाणाऱ्या मुलांना वय उलटल्यावर जुनी तारीख मिळत नाही.

त्यामुळे आईवडील आणि धाकटा भाऊ निघतात, मुलगी मागे राहते. आई ग्रीन कार्डधारक झाल्यावर तिच्यासाठी ‘एफ-2बी’ या वर्गात नवा अर्ज करू शकते. त्याची प्रायॉरिटी डेट नवी. 2025 मध्ये या वर्गाची भारतासाठीची तारीख 2016च्या आसपास होती, म्हणजे आणखी साधारण नऊ वर्षे. अट एकच, तोवर मुलीने लग्न करायचे नाही. आई अमेरिकी नागरिक होण्याआधी मुलीचे लग्न झाले, तर तो अर्ज तिथेच संपतो. आई नागरिक झाल्यानंतर लग्न झाले, तर अर्ज विवाहित मुलांच्या वर्गात जातो आणि ती रांग याहून लांब आहे.

या अटीचा भार गावातल्या घरात कोणावर पडतो, हे सांगायला नको. अठराव्या वर्षापासून ‘कागद लागणार आहेत’ म्हणून मुलीची स्थळे परतवली जातात, नर्सिंगला घालावे की बी.एड.ला, हेही अमेरिकेवर सोडून दिले जाते. तारीख लागेल तेव्हा तिचे हिशेबी वय किती भरेल, हे मंजुरीच्या पत्रावरून आजच काढता येते. अर्ज दाखल झाल्याची तारीख, मंजुरीची तारीख, मुलीची जन्मतारीख आणि बुलेटिन गेल्या दोन-तीन वर्षांत किती सरकले, एवढे चार आकडे पुरतात. त्यातून ती बसणार नाही असे दिसत असेल, तर ते तिला विसाव्या वर्षी सांगावे, पंचविसाव्या वर्षी बीकेसीतील दूतावासाच्या खिडकीसमोर नव्हे.