आठ काढण्याआधी आकडा बघा

फोनमधलं होकायंत्र चुकीची दिशा दाखवायला लागलं की बहुतेक जण फोन हवेत धरून आठाच्या आकड्यासारखा फिरवायला लागतात. उपाय खरा आहे, पण तो एकाच प्रकारच्या चुकीवर लागू पडतो. चूक फोनमध्ये आहे, जागेत आहे की ॲपमध्ये, हे आधी ठरवायला हवं. ते न ठरवता फोन फिरवत बसण्यात वेळ जातो आणि पुढे दुरुस्तीच्या दुकानात पैसेही जातात.

हैदराबादमधल्या मलकपेठचंच उदाहरण घेऊ. ओळखीचे एक काका-काकू तिथे, मेट्रोच्या खांबांपासून जवळच, फ्लॅट बघत होते. मीही सोबत होतो. एजंट हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला, दार पूर्वेला आहे. काकूंनी दारात, लोखंडी सेफ्टी डोअरला लागून फोन धरला, तर त्यात ईशान्य दिसली. काकूंनी तिथेच आठ काढला, तरी ईशान्यच. एजंट म्हणाला, "काकू, तुमचा सेन्सर गेलाय." काकांनी नवा फोन घेण्याची तयारीही केली.

मी त्यांना phyphox हे मोफत ॲप उघडायला सांगितलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं हे ॲप दिशा दाखवण्याच्या आधीचा, सेन्सरचा आकडा दाखवतं. हैदराबादेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 43 मायक्रोटेस्ला आहे. त्यातला सुमारे 40चा भाग जमिनीला समांतर उत्तरेकडे असतो आणि होकायंत्र त्याच भागावर चालतं. उरलेला, साधारण 16चा भाग खाली जमिनीत जातो. दारापाशी एकूण आकडा 48च्या आसपास येत होता. काकूंनी फोन आडवा धरून जागच्या जागी हळूहळू पूर्ण गोल फिरवला. आकडा जवळपास तिथेच राहिला. इमारतीबाहेर, गाड्यांपासून लांब मोकळ्या जागेत तो 43वर आला. फोन ठणठणीत होता. बिघडलेली होती ती दारापाशी असलेली जागा.

आकड्यात फक्त पाचाचा फरक, मग दिशा इतकी कशी चुकते? समजा, दाराचं लोखंड पूर्वेकडे 20 मायक्रोटेस्लाची भर घालतंय. उत्तरेकडे 40, पूर्वेकडे 20, म्हणजे फोनच्या लेखी उत्तर साधारण 27 अंशांनी पूर्वेकडे सरकली. जे दार खरोखर 90 अंशांवर, म्हणजे नेमकं पूर्वेला आहे, ते फोनला 63वर दिसतं. आठ दिशांच्या हिशेबात साडेसदुसष्टच्या खाली ईशान्य सुरू होते. एकूण क्षेत्र मात्र 43वरून 47-48पर्यंतच चढतं. त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणून दिशाही बरोबर असेलच असं नाही. आकडा चुकीचा आला, तर मात्र दिशेवर मुळीच विश्वास ठेवू नये.

आता आठ काढल्याने नेमकं काय होतं ते बघू. फोनच्या आतच चुंबकं असतात: स्पीकरमध्ये, कंपनाच्या मोटरमध्ये, कॅमेऱ्याच्या हलत्या भिंगापाशी. ती फोनबरोबरच फिरतात, त्यामुळे फोन कसाही वळवला तरी सेन्सरवरचा त्यांचा परिणाम तोच राहतो. पृथ्वीचं क्षेत्र मात्र फोन वळला की सेन्सरला वेगळ्या बाजूने जाणवतं. फोन सगळ्या बाजूंनी फिरवला की न बदलणारा भाग कुठला ते सॉफ्टवेअरला कळतं आणि ते तो वजा करतं. दारातलं किंवा खांबातलं लोखंड फोनबरोबर फिरत नाही, म्हणून ते वजाही होत नाही. उलट लोखंडाजवळ आठ काढला तर फोन चुकीचीच वजाबाकी शिकतो आणि बाहेर आल्यावरही काही काळ तीच चालवतो. म्हणून आठ नेहमी मोकळ्यावर, मनगट तिन्ही बाजूंनी वळवून काढावा.

चूक फोनबरोबर फिरणारी असेल तर तीही याच चाचणीत सापडते. मोकळ्या जागी फोन गोल फिरवताना आकडा एका दिशेला 26 आणि उलट दिशेला 62 असा हेलकावे खात असेल, तर चुंबक फोनला चिकटलेलं आहे. सर्वात आधी बघायची गोष्ट म्हणजे चुंबकाचं फ्लिप कव्हर, गाडीतल्या होल्डरसाठी मागे लावलेली पत्री किंवा अंगठी. ते काढा, मग आठ काढा. सॅमसंगच्या अनेक फोनवर डायलरमध्ये *#0*# दाबलं की चाचणीची यादी उघडते. तिथल्या सेन्सरच्या पानावर चुंबकीय सेन्सरच्या वर्तुळात 3 आला की फोनच्या मते वजाबाकी नीट बसली.

सेन्सर खरोखर मेला असेल तर तो वेगळाच वागतो. चांगल्या सेन्सरचे शेवटचे अंक टेबलावर ठेवलेल्या फोनमध्येही थरथरत राहतात. आकडा दशांशापर्यंत गोठलेला असेल, एखादा अक्ष कायम शून्य दाखवत असेल किंवा यादीत सेन्सरच नसेल, तर आठ काढून उपयोग नाही. काही स्वस्त फोनमध्ये हा सेन्सर मुळातच बसवलेला नसतो. तिथे बिघाडाचा प्रश्नच येत नाही. आकडे नीट बदलताहेत आणि एकाच ॲपचा बाण चुकतोय, तर दोष ॲपचा. फोन बंद करून चालू करा, सेफ मोडमध्ये बघा, ॲपला लोकेशनची परवानगी आहे का ते तपासा. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक हैदराबादेत जेमतेम अंशभराचा आहे, तेव्हा 27 अंशांची चूक उत्तर निवडण्याच्या सेटिंगवर ढकलता येत नाही.

पडदा आडवा-उभा न होण्याची तक्रारही याच खात्यावर मांडली जाते. तिचा चुंबकाशी संबंध नाही. ते काम गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या सेन्सरचं आहे. फोन टेबलावर सपाट ठेवला की एका अक्षावर 9.8 आणि बाकी दोन्हींवर शून्याजवळचा आकडा हवा. उभा धरला की 9.8 दुसऱ्या अक्षावर गेला पाहिजे. तसं होत असेल आणि पडदा वळत नसेल, तर ऑटो-रोटेट किंवा ॲप तपासा. आकडाच सरकत नसेल, तर सेन्सर गेला आहे. फोन किती कललाय हे होकायंत्रालाही याच सेन्सरकडून कळतं. त्यामुळे पडदा आणि दिशा एकदमच बिघडल्या, तर संशय आधी याच्यावर घ्यावा.

जागेच्या चुकीला वजाबाकी नसते, हे मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवली गेली. अलिबागची वेधशाळा 1904मध्ये सुरू झाली आणि 1906पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणजे जुन्या नोंदींचा नव्यांशी मेळ बसावा. उपकरणं उत्तम होती, माणसं जाणकार होती, तरी ट्रामच्या प्रवाहाशी झगडत बसण्यापेक्षा त्यांनी जागा बदलली.

मलकपेठलाही तसाच विजेवरचा मेट्रो मार्ग 2018मध्ये सुरू झाला. त्याखाली, स्लॅबमधल्या सळयांवर किंवा लोखंडी दारात दिशेचा वाद घालू नका. घराची दिशा हवी असेल तर उपग्रहाच्या नकाशावर, उत्तर वर ठेवून, इमारतीच्या भिंतीची दिशा मोजा. तिथे लोखंडाचा प्रश्नच येत नाही. आणि दुकानदार "सेन्सर गेला, बोर्ड बदलावा लागेल" म्हणाला, तर पैसे देण्याआधी त्याला दुकानाबाहेर बोलवा, कव्हर काढा आणि गोठलेला आकडा डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. आकडा हलत असेल, तर बोर्ड बदलू देऊ नका.