जानेवारीला जायचं की सप्टेंबरपर्यंत थांबायचं?



दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी., बी.कॉम. नाहीतर इंजिनिअरिंग झालेली असते. निकाल उशिरा लागलेला असतो, मार्कमेमो आणि ट्रान्सक्रिप्टसाठी छत्रपती संभाजीनगरला दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात. तोवर इंग्लंडचा सप्टेंबरचा प्रवेश हातातून गेलेला असतो. मग कुणीतरी सल्लागार सांगतो, "काळजी करू नका, जानेवारी इनटेक आहे. तेच विद्यापीठ, तीच डिग्री. वर्ष कशाला वाया घालवता?"

डिग्री तीच असते, हे खरं. पण बाकी बरंच काही तेच नसतं, आणि ते पैसे भरल्यावर कळतं. माझं मत आधीच सांगतो. ज्या घराला शिष्यवृत्तीशिवाय परदेश परवडणार नाही, त्या घरानं जानेवारीच्या मागे लागू नये, सप्टेंबरसाठी थांबावं. ज्यांच्याकडे पैशाची खरीखुरी सोय आहे आणि हवा तोच कोर्स जानेवारीत मिळतोय, त्यांनी खुशाल जावं. असं का म्हणतो, ते सविस्तर मांडतो. उदाहरण इंग्लंडचं घेतलंय, कारण आपल्याकडची मुलं जानेवारीत जास्त करून तिकडेच जायला निघतात.

शिष्यवृत्तीचं घड्याळ सप्टेंबरला लावलेलं आहे

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती बघा. तिचा अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतो, दोन-तीन महिन्यांत बंद होतो, आणि निवड झालेल्यांचा कोर्स पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभवही लागतो, म्हणजे नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलासाठी ती नाहीच. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीचंही तसंच: अर्ज आदल्या वर्षी आणि कोर्स सप्टेंबर-ऑक्टोबरला. जानेवारीच्या बॅचसाठी यांच्यात जागाच ठेवलेली नाही. विद्यापीठं स्वतःच्या सवलती जानेवारीलाही देतात, पण त्या बहुधा फीमधली थोडी सूट असते. राहण्या-खाण्याचा खर्च त्यातून निघत नाही.

आता आपल्या राज्याच्या योजना बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी वेगळी योजना आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. या योजनांच्या जाहिराती त्या-त्या शैक्षणिक वर्षासाठी निघतात. त्यांत विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान ठरावीक आकड्याच्या आत असावं लागतं, आणि हातात विनाअट ऑफर लेटर लागतं.

अडचण नेमकी इथेच आहे. क्रमवारीत वर असलेल्या ब्रिटिश विद्यापीठांत जानेवारीला सुरू होणारे पदव्युत्तर कोर्स फार थोडे असतात. जानेवारीला भरपूर कोर्स देणारी विद्यापीठं बहुतेक क्रमवारीत खाली असतात. म्हणजे मुलानं जानेवारी निवडली, की विद्यापीठ त्या आकड्याच्या बाहेर जातं आणि लाखोंची शिष्यवृत्ती अर्ज करण्याआधीच हातची जाते. "आधी जाऊ, मग शिष्यवृत्तीचं बघू" असा विचार करू नका. शिष्यवृत्तीची जाहिरात आधी वाचा. कोर्स कोणत्या तारखांच्या दरम्यान सुरू झालेला चालतो ते तिच्यात शोधा, आणि मगच विद्यापीठ निवडा.

कोर्स मधूनच सुरू झाल्यासारखा होतो

दुसरा मुद्दा शिक्षक म्हणून मला जास्त टोचतो. इंग्लंडमधला एक वर्षाचा मास्टर्स ढोबळमानानं असा असतो: सप्टेंबर ते डिसेंबर पहिलं सत्र, जानेवारी ते मे दुसरं सत्र, आणि उन्हाळ्यात प्रबंध. पहिल्या सत्रात पाया घातला जातो, दुसऱ्यात त्यावर बांधकाम. डेटा सायन्सचं उदाहरण घ्या. प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र आधी, मशीन लर्निंग नंतर.

जानेवारीत आलेल्या मुलाचं विद्यापीठ काय करतं? काही विद्यापीठं पहिल्या सत्राचे विषय जानेवारीत पुन्हा शिकवतात. तिथे अडचण नाही. काही ठिकाणी मात्र मुलाला चालू बॅचच्या दुसऱ्या सत्रात बसवतात आणि पायाचे विषय पुढच्या सप्टेंबरमध्ये देतात. म्हणजे भागाकार आधी, गुणाकार नंतर. आपल्याकडे प्रोग्रॅमिंगची ओळख नावापुरतीच झालेल्या मुलाला हे जड जातं. काही कोर्समध्ये मधला उन्हाळा शिकवण्याविना जातो आणि बारा महिन्यांचा कोर्स पंधरा-सोळा महिन्यांवर जातो. फी तेवढीच असली तरी तीन-चार महिन्यांचं भाडं आणि जेवण वाढतं. शिवाय ऐच्छिक विषय कमी मिळतात, कारण पुष्कळ विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात.

हे ओळखायचं कसं? माहितीपत्रकातली विषयांची यादी बहुधा सप्टेंबरच्या बॅचची असते. म्हणून विद्यापीठाला थेट ईमेल करून एकच गोष्ट मागा: जानेवारी बॅचचं सत्रनिहाय वेळापत्रक, प्रबंध जमा करण्याच्या तारखेसह. दोन आठवड्यांत सरळ उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

घर दोनदा शोधावं लागतं

कळंब तालुक्यातल्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. ती जानेवारीत गेली. वसतिगृहात खोली मिळाली, कारण सप्टेंबरला आलेलं कुणीतरी सोडून गेलं होतं. घरचे खूश झाले. पण त्या खोलीचा करार ऑगस्टअखेर संपत होता. तिथली वसतिगृहं सप्टेंबरच्या वर्षावर चालतात, नवी बॅच आली की खोल्या रिकाम्या लागतात. तिचा कोर्स मात्र पुढच्या जानेवारीपर्यंत होता.

मग ऐन प्रबंधाच्या महिन्यात तिची घरासाठी धावपळ सुरू झाली. खाजगी घरमालकांना वर्षभराचा भाडेकरू हवा, हिला हवेत साडेचार महिने. घरमालक इंग्लंडमध्ये राहणारा जामीनदार मागायचे. आपल्या कळंबच्या माणसाला तिकडे जामीनदार कुठून मिळणार? त्याच वेळी नव्या बॅचची हजारो मुलं त्याच शहरात खोल्या शोधत होती. शेवटी एका घरातली बैठकीची खोली तिनं दोघींत वाटून घेतली, तीही आधीपेक्षा जास्त भाड्यानं.

यात तिची चूक एकच. कराराची शेवटची तारीख आणि कोर्सची शेवटची तारीख तिनं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नाही. आम्ही शिक्षकांनीही तिला ते सांगितलं नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. आता मी प्रत्येक पालकाला खोलीची अनामत भरण्याआधी या दोन तारखा कागदावर लिहायला लावतो.

सोयाबीनचा पैसा आणि अठ्ठावीस दिवस

जानेवारी आपल्या भागाला सोयीची वाटते, त्याचं एक खरं कारण पैशाचं आहे. सप्टेंबरसाठीचे पैसे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लागतात, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काही नसतं. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, त्यामुळे जानेवारीचं गणित जमल्यासारखं वाटतं.

पण व्हिसाचा नियम असा की दाखवायची पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहिली पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आता पीक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विकलं असं धरा. रक्कम भरली, आणि हरभऱ्याच्या पेरणीला त्यातूनच वीस हजार काढले. झालं, मोजणी पुन्हा सुरू. अर्ज डिसेंबरच्या मध्यावर जातो, त्यातच नाताळच्या सुट्ट्या येतात, आणि व्हिसा येईपर्यंत वर्ग सुरू झालेले असतात. म्हणून जानेवारीलाच जायचं असेल, तर व्हिसाच्या रकमेचं खातं वेगळं ठेवा. शेतीचा व्यवहार त्यातून अजिबात करू नका.

नंतरच्या नोकरीचाही हिशेब करा

कोर्सनंतर तिकडे राहून काम शोधण्यासाठी आजवर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळत आला. ब्रिटिश सरकारनं जाहीर केल्याप्रमाणे १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो अठराच महिन्यांचा मिळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये गेलेल्या मुलाचा निकाल २०२६ संपण्याआधी लागला, तर त्याला दोन वर्षांची संधी आहे. त्याच कोर्सला जानेवारी २०२६ मध्ये गेलेल्याचा निकालच २०२७ मध्ये लागणार. चार महिन्यांच्या फरकानं सहा महिने गेले. नियम बदलतात तेव्हा जानेवारीची बॅच अशी रेषेच्या पलीकडे पडू शकते.

मग थांबलेलं वर्ष वायाच का?

पालकांना खरी भीती रिकाम्या वर्षाची असते. गावात लोक विचारतात, "पोरगं घरीच का?" मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा विषय निघतो. ही भीती मी हलकी मानत नाही. पण ऑक्टोबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंतचे महिने मोजून बघा. ट्रान्सक्रिप्ट आणि पदवी प्रमाणपत्र हातात येतं. इंग्रजीची परीक्षा गरज पडल्यास दुसऱ्यांदा देता येते. हिवाळ्यात विद्यापीठांचे अर्ज होतात, उन्हाळ्यापर्यंत विनाअट ऑफर हातात येते, आणि राज्याची जाहिरात निघते तेव्हा मुलाची फाईल तयार असते. जात प्रमाणपत्र, वैधता आणि उत्पन्नाचा दाखला याच काळात तहसीलचे हेलपाटे घालून मिळवायचे असतात. शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो.

शिक्षक म्हणून आपल्याला एक गोष्ट करता येईल. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, परदेशी जाण्याची इच्छा असलेल्या मुलांना समोर बसवा. आधी विचारा, "शिष्यवृत्ती लागेल का?" उत्तर "हो" आलं, तर जानेवारीचा विषय तिथेच थांबवा आणि सप्टेंबरपासून उलटे महिने मोजायला लावा. उत्तर "नाही" आलं, तर त्यांच्याकडून तीन कागद मागा: जानेवारी बॅचचं सत्रनिहाय वेळापत्रक, खोलीच्या कराराची शेवटची तारीख आणि बँकेतल्या २८ दिवसांचा हिशेब. हे तिन्ही जुळले, तर जानेवारीचा प्रवेशही चांगलाच आहे. एकही जुळला नाही, तर अनामत भरू देऊ नका.