भिवंडीच्या फोन नंबरातले शून्य कुठे गेले?

भिवंडीचा एसटीडी कोड ०२५२२. त्यापुढे सहा आकडे, म्हणजे एकूण अकरा. गोदामाची ग्राहक-यादी सीएसव्ही फाइलमध्ये असेल, तर तिच्यात रकान्याचा प्रकार लिहिलेला नसतो. एक्सेल तो अंदाजाने ठरवते. आकडेच दिसले की रकाना संख्येचा मानला जातो आणि सुरुवातीचे शून्य गळते.

उरतात दहा आकडे. खरी फसगत इथेच होते, कारण फक्त आकडे मोजणाऱ्या तपासणीत हा लँडलाइन नंबर मोबाइल म्हणून खपतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : मोबाइल नंबर ६ ते ९ने सुरू होतो, हा २ने.

भारतीय पिनकोड शून्याने सुरू होत नाहीत. त्यामुळे भिवंडीचा ४२१३०२ शाबूत राहतो आणि फाइल ठीक वाटते. न्यू जर्सीच्या पार्सलवर मात्र ०७३०६चे ७३०६ होते.

अशी फाइल सेव्ह झाली, की नंतर रकाना ‘टेक्स्ट’ करूनही शून्य परतत नाही. मूळ फाइलच लागते. ती डबल-क्लिकने न उघडता Data > From Text/CSV मधून घ्यावी आणि Do not detect data types निवडावे. ज्या आकड्यांची बेरीज कधी करायची नसते, त्यांना संख्या मानूच नये.